उलटी ओवाळणी

बहिणीच्या मायेचा भाव सरकारने ठरवून दिलेला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत तो दोनशे रुपये होता, आता पाचशे आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा बहिणीने भावाला सोडून दिला, तर महाराष्ट्रात त्या दस्ताला एवढाच मुद्रांक लागतो. हिस्सा एका गुंठ्याचा असो की दहा एकरांचा, भाव एकच. तोच हिस्सा परक्याला विकायचा म्हटलं, तर बाजारभावावर टक्केवारीने मुद्रांक भरताना चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो. ह्या स्वस्त दस्ताचं नाव हक्कसोडपत्र. नावात ‘सोड’ आहे तो सुटकेतला की सोडचिठ्ठीतला, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी हे जरा अधिकाराने बोलतो, कारण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली. (घरात माझा अधिकार काय, हा निराळा विषय आहे.) एवढ्या वर्षांत एक विद्या मात्र अंगी मुरली. कचेरीच्या दारात जीप थांबली की खाली उतरणारी मंडळी पाहून दस्त कुठला ते सांगायचं. खरेदीखताची मंडळी दोन वेगवेगळ्या गाड्यांतून येतात आणि एकमेकांकडे संशयाने बघत येतात. गहाणखताची मंडळी गुपचूप, मागच्या दाराने. हक्कसोडाची मंडळी मात्र एकाच जीपमधून, हसतखेळत, आणि बहीण पुढच्या सीटवर! त्या दिवशी तिला पुढे बसवतात. वाटेत मिसळ खाऊ घालतात. तिच्या हातात नव्या साडीची पिशवी असते. परत जाताना मी खिडकीतून बघायचो, तर बाई मागच्या सीटवर दोन पोत्यांच्या मधे.

एकदा अशाच एका बाईंना मी सहज विचारलं, “मावशी, कशासाठी आलात?”

“वारसाची नोंद करायला,” बाई म्हणाल्या. “वडील गेले ना आमचे. भाऊ म्हणाला, सही लागते.”

आता वारसाची नोंद आणि हक्कसोड यांत फरक आहे तो नांदायला जाणं आणि काडीमोड यांतला. वारसनोंद होते तलाठ्याकडे. माणूस गेल्यावर त्याच्या सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवायची, एवढंच तिचं काम. तिने बाईचं नाव *लागतं*. त्यासाठी कुणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढत नाही. आमच्याकडे जो कागद येतो, त्यावर मुद्रांक असतो, कॅमेऱ्यापुढे बसवून फोटो काढतात, यंत्रावर अंगठा घेतात, ओळख पटवणारे दोन इसम लागतात, आणि त्याने बाईचं नाव *निघतं*. मी हे सगळं त्या बाईंना सांगितलं. भावाने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्याच वाट्याला लागलेला चुलतभाऊ आहे. बाई घटकाभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आता साडी घेतलीय हो त्याने.” आणि आत गेल्या. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “मजकूर वाचला? मान्य आहे?” त्या म्हणाल्या, “मान्य.” साहेबांचं काम तिथे संपलं. दस्त तुम्हीच केला का, एवढं ते विचारतात. का केला, हे विचारण्याचा रकाना फॉर्मात नाही.

तर अशा माझ्या घरी, मी निवृत्त होऊन आरामखुर्चीत स्थिरावल्यावर, एके दिवशी थोरल्या मेव्हण्यांचा फोन आला. म्हणजे आला आमच्या हिला. मला तो भिंतीपलीकडून ऐकू आला. बापूंना फोन ही वस्तू मधल्या तारेविनाच चालवायची सवय आहे.

“आक्का, येत्या बुधवारी ये. दाजींना त्रास देऊ नको. तुझी एक सही आहे बारीकशी.”

बारीकशी सही! एकतीस वर्षांत मी बारीक सही पाहिली नाही. सही मिळकतीएवढी असते.

आता इथे माझी अडचण समजून घ्या. जावयाने सासरच्या जमिनीबद्दल तोंड उघडलं की तो हावरट ठरतो, आणि नाही उघडलं तर नालायक. शिवाय जावई निवृत्त नोंदणी-कारकून असला की त्याच्या प्रत्येक शब्दाला वास येतो. मी फक्त एवढंच म्हणालो, “मसुदा मागवून घे. वाचून जाऊ.” तिने मागवला. बापूंनी तो मोबाईलवर पाठवला, तिरका, कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग. दस्तलेखक जुना असावा. भाषा अशी होती की वाचणाऱ्याने तिसऱ्या ओळीत शरण यावं.

मिळकत समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझे सासरे २०२२ साली गेले. मृत्युपत्र नाही. मागे सासूबाई, बापू, धाकटे तात्या (हे मुंबईत) आणि आमची ही. गावी वडिलोपार्जित चार एकर शेत, वडिलोपार्जित राहतं घर आणि तालुक्याला सासऱ्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला एक प्लॉट. हिचा हिस्सा कितवा? ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली आहे. बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. आमच्या प्रकरणात वडिलोपार्जित म्हणून हिशेब करा की सासऱ्यांची मिळकत म्हणून करा, उत्तर एकच येतं: चौघे वारस, प्रत्येकाला चौथाई. म्हणजे शेतात हिचा सरळ एक एकर.

“एक एकर?” ही म्हणाली. “माझा?”

साठीच्या घरातल्या बाईचा चेहरा असा मी प्रथमच पाहिला. आंब्याच्या झाडाखाली लहानपणी भातुकली खेळली ती जागा आपली आहे, हे तिला तिरक्या फोटोतल्या कागदाने सांगितलं, आणि तेही काढून घेण्यासाठी.

मी चष्मा लावला आणि मसुदा मोठ्याने वाचू लागलो. पहिलं वाक्य: “कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.” ही म्हणाली, “पण बापू म्हणालाय, धाकटीच्या लग्नाला दोन लाख देईन.” मी म्हटलं, मग ते इथे लिही म्हणावं. कारण तोंडी कबूल केलेली गोष्ट आणि नोंदलेल्या दस्तातला मजकूर यांची कोर्टात गाठ पडली, की कोर्ट दस्ताचं ऐकतं. “स्वतः लिहून दिलंत ना, मोबदला घेतला नाही म्हणून?” एवढं विचारतं. फसवणूक झाली, दडपण आणलं, असं सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी. पण ते सिद्ध करायचं बाईने, सख्ख्या भावाविरुद्ध, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. तीन वर्षं म्हणजे किती? पहिलं वर्ष “देईल हो” म्हणण्यात जातं, दुसरं “पीक बरं आलं नाही त्याचं” म्हणण्यात, आणि तिसरं वकील शोधण्यात. पैसे ठरलेच असतील तर रक्कम, चेकचा नंबर आणि तारीख दस्तातच हवी, आणि चेक वटल्यावर सही. भाऊ चांगला असेल तर त्याला याचा राग येण्याचं कारण नाही. राग आला तर तीही माहितीच आहे.

दुसरं वाक्य पार शेवटी, सह्यांच्या जरा वर, दस्तलेखकाने असं पेरलेलं की जणू शुभेच्छा आहेत: “सदर मिळकतीशिवाय मयताचे नावे असलेल्या अगर पुढे निष्पन्न होणाऱ्या कोणत्याही स्थावर-जंगम मिळकतीत माझा काहीएक हक्क राहिलेला नाही.” मिळकतीच्या वर्णनात होता फक्त शेताचा गट नंबर आणि चतुःसीमा. बापूंनी फोनवर मागितलं होतं ते शेत. पण ह्या एका वाक्याने घर गेलं, तालुक्याचा प्लॉट गेला, सासऱ्यांची बँकेतली ठेव गेली, आणि उद्या त्यांच्या नावाची एखादी पावती कपाटात सापडली तर तीही गेली. वर्णनाच्या पानावर चोर पकडायचा नाही, तो शेवटच्या परिच्छेदात बसलेला असतो. मी नोकरीत असे शेकड्यांनी दस्त पाहिले. सोडायचं तेवढंच लिहा, आणि ‘बाकी मिळकतींतील माझा हक्क अबाधित आहे’ अशी उलट ओळ घाला, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

“आणि हे काय?” हिने बोट ठेवलं. तिसरं वाक्य होतं: “तसेच आईचे पश्चात येणाऱ्या हिश्शावरही.”

इथे मला हसू आलं. सासूबाई वरच्या खोलीत लसूण सोलत ठणठणीत बसलेल्या, आणि कागदावर त्यांच्या पश्चातची वाटणी! कायदा याबाबतीत बापूंपेक्षा सुसंस्कृत आहे. जिवंत माणसाच्या मिळकतीवर वारसाची नुसती आशा असते, हक्क नसतो. आणि नुसती आशा कुणाला लिहून देता येत नाही. म्हणजे हे वाक्य पोकळ. सासूबाईंचा एकर त्यांच्या मागे तिघा मुलांत वाटला जाईल, आणि त्यातले तेरा गुंठे आणि वर थोडे हिला येतीलच, मग आज काहीही लिहून दिलेलं असो. अर्थात सासूबाईंनी मृत्युपत्र केलं नाही तर. पण पोकळ वाक्यही तलाठ्याच्या टेबलावर भरीव दिसतं. ते पोकळ आहे हे सांगायला हिलाच वीस वर्षांनी कोर्टात जावं लागलं असतं, काठी टेकत.

एवढ्यात ध्यानात आलं की एक गोष्ट मी वाचूनही पाहिली नव्हती. ‘लिहून घेणार’ या रकान्यात बापूंचं एकट्याचं नाव होतं. हा रकाना फार महत्त्वाचा. हक्क कुणाच्या *लाभात* सोडला, यावर सगळं ठरतं. सगळ्या सहहिस्सेदारांच्या लाभात सोडला असता, तर हिचा एकर तिघांत पसरला असता. इथे तो सगळाच्या सगळा बापूंच्या खिशात. बापू दोन एकर, तात्या एक, सासूबाई एक.

हे मी तात्यांना सांगितलं नाही. जावयाने ते करू नये. पण हिने रात्री भावाला फोन करून “तुझी तब्येत कशी आहे” असं विचारत विचारत सांगितलं. तिकडे मुंबईत तात्या शांतपणे वरणभात जेवत होते. तोपर्यंत त्यांचं मत होतं की “आक्काने भावांना सोडून द्यावं, तिला काय कमी आहे?” ह्या वाक्यातलं ‘भावांना’ हे अनेकवचन दस्तात एकवचन झालं आहे, हे कळल्याबरोबर त्यांना स्त्रियांच्या हक्कांबद्दल एकदम कळवळा आला. “कायद्याने तिचा आहे तो आहे!” असं ते म्हणाले म्हणे. समाजसुधारणा अशीही होते.

बापू वाईट माणूस नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ऊस त्यांनी राखला, रात्रीची मोटर त्यांनी चालू केली, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं. पीककर्ज घ्यायला गेलं की सोसायटी सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती मागते. मग एक सही मुंबईला, एक आमच्याकडे. त्यांची ही तक्रार खरी आहे. पण डोकं दुखतं म्हणून कोणी बहिणीचं डोकं उडवत नाही. त्यावर औषध निराळं आहे: वाटप. सर्व हिस्सेदारांची संमती असली की तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करता येतो. प्रत्येकाचा तुकडा वेगळा झाला की बापूंनी आपल्या एकरावर खुशाल कर्ज काढावं. हिची सही नको आणि हिचा हक्कही जायला नको.

आणखी एक गोष्ट आमच्या हिला हलवून गेली, ती पैशाची नव्हे. मी जन्माचा कारकून. माझ्या नावावर जमीन म्हणाल तर कुंडीतली. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानग्यांच्या मागे धावा. आमच्या घरात शेतकरी म्हणवून घ्यायला आधार काय, तर हिच्या नावाचा सातबारा. तो एक एकर सोडला की उद्या मुलाला गावाकडे दहा गुंठे घ्यावेसे वाटले, तर आम्ही कागदोपत्री कोण? भाडेकरू. एकर गेला असता तर त्याच्याबरोबर हा ‘शेतकरी’ शब्दही गेला असता, आणि दस्तात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बुधवारी आम्ही गेलो. मी मुद्दाम ओट्यावर बसून राहिलो. आतून ऐकू आलं ते एवढं:

“आक्का, तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस?”

“ठेवते की. म्हणून तर आले.”

“मग सही कर.”

“करते. पण कागद बदलून.”

नंतर भांडी जरा जोरात वाजली. तासाभराने बापू बाहेर आले, माझ्याकडे न बघता गोठ्याकडे गेले. मला वाटलं, आता भाऊबीज बंद. ही शांतपणे येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, “शेत ठेवतेय. प्लॉट ठेवतेय. घर सोडतेय.”

“बापूंना?”

“आईला.”

ही चाल मला एकतीस वर्षांत सुचली नव्हती. आई हीसुद्धा सहहिस्सेदार. तिच्या लाभात सोडलं तरी दस्त हक्कसोडाचाच, आणि घर वडिलोपार्जित असल्याने मुद्रांकही तोच पाचशेचा. सासूबाईंची चौथाई आणि हिची चौथाई मिळून निम्मं घर त्यांच्या एकटीच्या नावावर. हिला त्या घरात राहायचं नव्हतंच. पण ज्या घरात आई राहते तिथे आईचं बूड भक्कम असावं, एवढं तिला हवं होतं. यात धोका नाही असं नाही. सासूबाई उद्या मृत्युपत्राने ते निम्मं घर बापूंना देऊ शकतात, आणि ते त्यांचं असल्याने कुणाला बोलताही येणार नाही. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, “तिने दिलं तर देऊ दे. तिने द्यावं.”

मसुदा नव्याने लिहिला. मिळकतीचं वर्णन फक्त घराचं, ग्रामपंचायतीच्या मिळकत नंबरासह. लिहून घेणार, एकट्या सासूबाई. “इतर मिळकतींतील लिहून देणारचा हक्क कायम आहे” ही ओळ मी स्वतः सांगून घातली. दस्तलेखकाने ती लिहिताना चेहरा असा केला की मी त्याच्या पोटावर पाय दिला. कचेरीत टोकन लागलं, फोटो झाला, अंगठे झाले. साहेबांनी विचारलं, “मजकूर वाचला? मान्य आहे?” ही म्हणाली, “वाचला. तीनदा.” साहेबांनी मान वर करून पाहिलं. सूची क्रमांक दोनची प्रत घेऊन आम्ही बाहेर पडलो. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. दस्त कचेरीत आणि नाव दप्तरात, यांच्यात पुष्कळदा वर्षानुवर्षांचं अंतर पडतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर सासूबाईंचं नाव निम्म्या हिश्शाला लागलं का, हे ही दर आठवड्याला विचारत राहिली. शेताचा सातबारा ती आता मोबाईलवर काढून बघते, रोज हवामान बघावं तसा. वाटपाचा अर्ज दिला आहे, मोजणी व्हायची आहे. बापू अजून माझ्याशी थोडं तुटक बोलतात, पण गुऱ्हाळाचा गूळ पाठवला.

नमुना आठचा उतारा हातात आला त्या संध्याकाळी आम्ही गावीच होतो. सासूबाईंना वाचता येत नाही. हिने त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी तो कागद घडी करून कमरेच्या चंचीत घातला, सुपारी कातरली, आणि ओसरीवर मोठ्याने बातम्या लावून बसलेल्या बापूंना हाक मारली,

“बापू, त्या टीव्हीचा आवाज कमी कर. निम्म्या घरात झोपायचंय मला.”